माझा ईमेल पत्ता डेटा गळतीत सापडला आहे का? तपासायचं कसं आणि नंतर काय बदलायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. आपल्याकडे बऱ्याच जणांचा पहिला ईमेल पत्ता स्वतःच्या फोनवर तयार झालेला नाही. शिष्यवृत्तीचा, सीईटीचा किंवा सेवासिंधूचा फॉर्म भरायला सायबर सेंटरला गेलो, तिथल्या पोराने पत्ता काढून दिला, पासवर्डही त्यानेच ठेवला आणि पावतीच्या मागे लिहून दिला. त्या पत्त्याला आज बँक, आधार, दुकानं असं सगळं जोडलेलं असतं. म्हणून खाली सर्वात जास्त जागा एकाच गोष्टीला दिली आहे: गळतीच्या यादीत नाव दिसल्यावर कुठला पासवर्ड आधी बदलायचा आणि कुठला नंतर.

डेटा गळतीत पत्ता सापडला म्हणजे माझं जीमेल हॅक झालं का?

नाही. गळती जीमेलमधून झालेली नसते. तुम्ही ज्या कंपनीकडे तो पत्ता देऊन खातं उघडलं, त्या कंपनीकडची ग्राहकांची यादी चोरीला गेलेली असते. बिगबास्केटचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांच्या दोन कोटींहून जास्त ग्राहकांच्या नोंदी चोरल्या गेल्या. त्यात नाव, ईमेल, फोन, घरचा पत्ता, जन्मतारीख आणि सांकेतिक रूपात ठेवलेला पासवर्ड एवढं होतं. त्या लोकांच्या जीमेलला कुणी हात लावला नव्हता.

धोका पुढच्या पायरीवर आहे. चोराच्या हातात आता एक जोडी असते: तुमचा ईमेल आणि बिगबास्केटचा पासवर्ड. ती जोडी तो जीमेलवर, फेसबुकवर, शॉपिंगच्या साइटवर लावून बघतो. हे काम माणूस करत नाही, प्रोग्रॅम करतो, आणि एका रात्रीत लाखो जोड्या तपासून होतात. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला असेल तर किराणा दुकानातली चोरी थेट तुमच्या टपालपेटीपर्यंत पोचते. पासवर्ड वेगळे असतील तर ती दुकानापाशीच थांबते.

तपासायचं कुठे?

`haveibeenpwned.com` या साइटवर. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने ती डिसेंबर २०१३ मध्ये सुरू केली. गळती होऊन बाहेर आलेल्या याद्या तिथे जमा केल्या जातात आणि कुणीही फुकट शोधू शकतो. मधल्या चौकटीत ईमेल पत्ता लिहायचा, बटण दाबायचं, खाली उत्तर येतं.

ही साइट तुमच्याकडे एवढा पत्ताच मागते. पत्ता शोधण्यासाठी पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही, आधार नंबर लागत नाही, पैसे लागत नाहीत. यातलं काहीही मागणारं पान समोर आलं तर तुम्ही दुसऱ्याच साइटवर गेला आहात, तसंच बंद करा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. स्पेलिंग जरा अवघड आहे, एकेक अक्षर बघून लिहा.

एवढा शोध सायबर सेंटरमध्ये बसून घेतला तरी चालतो, कारण तिथे गुप्त असं काहीच टाइप होत नाही. पुढचे बदल मात्र स्वतःच्या फोनवरच करायचे.

कोणकोणते पत्ते शोधून बघू?

आजवर वापरलेले सगळे. कॉलेजात असताना काढलेला याहू किंवा रेडिफमेलचा पत्ता बहुतेक जण विसरून जातात, आणि जुन्या गळत्यांमध्ये नेमका तोच निघतो.

आणखी एक बारीक गोष्ट. जीमेल नावातले टिंब मोजत नाही. `savita.patil` आणि `savitapatil` ही जीमेलच्या लेखी एकच पेटी. पण गळतीच्या यादीत तुम्ही त्या दुकानात जसा पत्ता लिहिला होता तसाच असतो. म्हणून टिंब घालून एकदा आणि टिंब न घालता एकदा, असं दोन्ही प्रकारे शोधा.

निकाल आला, पाच-सहा कंपन्यांची नावं दिसतायत. आता यात वाचायचं काय?

किती नावं आहेत याने घाबरू नका. प्रत्येक नावाखाली गळती कधी झाली आणि कोणती माहिती गेली याची नोंद असते. ती माहितीची यादी `Compromised data` अशा शीर्षकाखाली येते. त्या यादीत `Passwords` हा शब्द आहे की नाही, हे आधी बघायचं.

`Passwords` नसेल तर त्या कंपनीमुळे पासवर्ड बदलायची घाई नाही. डॉमिनोज इंडियाची २०२१ ची गळती तशी आहे. सुमारे सव्वादोन कोटी ईमेल पत्ते, नावं, फोन नंबर, घरचे पत्ते आणि कोणी काय मागवलं याची नोंद गेली, पासवर्ड त्यात नव्हते. अशा गळतीचा त्रास वेगळा आहे, तो फोनवरून येतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

`Passwords` असेल तर त्या वेळी तिथे कुठला पासवर्ड ठेवला होता आणि तो आणखी कुठे कुठे चालतो, हे आठवायचं. साइट तुम्हाला पासवर्ड दाखवत नाही. आठवणं आपल्यालाच करावं लागतं, आणि खरं काम तेच आहे.

पासवर्ड सांकेतिक रूपात होते असं लिहिलंय. मग चिंता नाही ना?

ते सांकेतिक रूप कोणत्या पद्धतीचं आहे यावर अवलंबून आहे, आणि त्याहून जास्त तुमच्या पासवर्डवर.

शहाण्या कंपन्या पासवर्ड आहे तसा साठवत नाहीत. गणिती क्रियेतून काढून त्याचा एक लांबलचक ठसा ठेवतात. ठशावरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. पण चोर उलटा काढत बसतच नाही. तो `password`, `123456`, `Belgaum@123` असे करोडो अंदाज घेतो, प्रत्येकाचा ठसा काढतो आणि चोरलेल्या ठशांशी जुळवतो. लिंक्डइनचे २०१२ साली गेलेले पासवर्ड जुन्या, झटपट चालणाऱ्या पद्धतीचे होते, तेही ठसा काढताना प्रत्येक पासवर्डात वेगळी अक्षरं न मिसळता. ती यादी २०१६ मध्ये विक्रीला आली आणि बहुतेक पासवर्ड लवकरच उलगडले.

फलक, पत्रिका बनवायच्या कॅनव्हा या साइटची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. मे २०१९ मध्ये त्यांच्याकडून सुमारे १३.७ कोटी खात्यांची माहिती गेली. पासवर्ड चांगल्या, मुद्दाम संथ चालणाऱ्या पद्धतीने ठेवलेले होते. तरीही जानेवारी २०२० मध्ये त्यातले सुमारे ४० लाख पासवर्ड उलगडलेल्या स्वरूपात सापडले. पद्धत चांगली असूनही जे सहज अंदाजात येतात ते गेले. त्यामुळे नोंदीत सांकेतिक असं लिहिलेलं असलं तरी पासवर्ड गेला असंच धरून चाला.

एक उदाहरण घेऊन क्रम सांगाल का?

शहापुरातल्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. वय तिशीच्या आत, खासगी शाळेत शिकवतात. पीयूसीला असताना शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी सायबर सेंटरमध्ये जीमेल काढलं, तेच आजही चालू आहे. शोधल्यावर तीन नावं आली: कॅनव्हा २०१९, अनअॅकॅडमी २०२० आणि डॉमिनोज २०२१.

पहिल्यांदा तिन्ही नोंदी वाचल्या. कॅनव्हा आणि अनअॅकॅडमीखाली पासवर्ड आहे, डॉमिनोजखाली नाही. मग आठवायला बसलो. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फलक करायला कॅनव्हा उघडलं होतं, पण तिथे गूगलचं बटण दाबून शिरल्या होत्या. म्हणजे कॅनव्हाकडे त्यांचा पासवर्ड कधी नव्हताच. अनअॅकॅडमीवर स्पर्धापरीक्षेसाठी खातं उघडलं तेव्हा पासवर्ड टाइप केला होता. कुठला? सायबरवाल्याने जीमेलला ठेवून दिलेलाच. एका शॉपिंगच्या अॅपलाही तोच.

इथे बरेच जण उठून आधी अनअॅकॅडमीचा पासवर्ड बदलायला जातात, कारण गळतीच्या यादीत ते नाव असतं. ताईंनाही तसंच वाटलं होतं. पण जीमेलला तोच पासवर्ड असताना अनअॅकॅडमी बदलून काय मिळणार? जीमेल हातात आलेला माणूस बाकी प्रत्येक खात्यावर 'पासवर्ड विसरलो' दाबतो, बदलायची लिंक जीमेलवर येते आणि तो एकेक खातं उघडत जातो. म्हणून जीमेल सर्वात आधी. त्यानंतर तोच पासवर्ड असलेली आणि पैसे किंवा कार्ड जोडलेली खाती, म्हणजे इथे शॉपिंगचं अॅप. गळती झालेली साइट सर्वात शेवटी.

जीमेलचं काम पासवर्ड बदलून संपत नाही. `myaccount.google.com` उघडून सिक्युरिटीच्या भागात गेलो. तिथे खातं कुठकुठल्या फोन-संगणकांवर उघडं आहे याची यादी असते. ताईंच्या यादीत त्यांचा फोन, शाळेच्या ऑफिसातला संगणक आणि एक ओळखू न येणारा विंडोज संगणक होता, शेवटचा वापर बराच जुना. बहुधा सायबर सेंटरचाच असावा. कुणाचा हे शोधण्यात वेळ घालवला नाही, तिथून साइन आउट केलं.

मग जीमेल संगणकावर उघडून सेटिंग्जमध्ये दोन ठिकाणं पाहिली: फिल्टर आणि फॉरवर्डिंग. खात्यात घुसलेला माणूस कधीकधी एक नियम बसवून जातो, की बँकेचं किंवा ओटीपीचं पत्र आलं की त्याची प्रत दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची आणि इथून मूळ पत्र पुसायचं. तुम्ही पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. फोनवरच्या जीमेल अॅपमध्ये ही दोन्ही ठिकाणं दिसत नाहीत, त्यामुळे ती तपासायची राहून जातात. शाळेचा किंवा भावाचा संगणक मिळाला तर नंतर साइन आउट करायला विसरू नका. संगणक नसेल तर फोनच्या क्रोममध्ये डेस्कटॉप साइट निवडून जीमेल उघडता येतं. ताईंच्या खात्यात तसं काही निघालं नाही.

शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी पायरी, चालू केलं आणि रिकव्हरी नंबर पाहिला. तो नंबर ताईंचा नव्हता.

रिकव्हरी नंबर दुसऱ्याचा असेल तर काय बिघडतं?

ज्याच्या हातात तो नंबर, त्याला तुमचं खातं परत मिळवण्याचा हक्क मिळतो. पासवर्ड कितीही मजबूत ठेवा, 'विसरलो' म्हटल्यावर कोड त्या नंबरवर जातो.

आपल्या भागात हे तीन प्रकारे होतं. सायबरवाल्याने घाईत स्वतःचा नंबर टाकलेला असतो. त्यात त्याचा वाईट हेतू असतोच असं नाही, रांगेत दहा जण उभे असतात आणि तुमच्याकडे तेव्हा फोन नसतो. दुसरा प्रकार, नंबर पुण्यात किंवा बंगळुरूत असलेल्या मुलाचा किंवा भाच्याचा असतो. हा घरचाच आहे, पण कोड मागायला दरवेळी त्याला फोन लावावा लागतो, आणि फोनवर कोड सांगायची सवय लागली की उद्या परक्यालाही तो सहज सांगितला जातो. तिसरा प्रकार सर्वात धोक्याचा: नंबर तुमचाच होता, पण कोल्हापूरला किंवा पुण्याला नोकरी लागल्यावर नवं सिम घेतलं आणि जुनं रिचार्ज न करता सोडून दिलं. बंद झालेला नंबर कंपनी किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तुमच्या जीमेलची चावी मग एका अनोळखी माणसाच्या खिशात असते आणि त्यालाही ते माहीत नसतं.

बदल त्याच सिक्युरिटीच्या पानावर होतो. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल या दोन्ही ओळी उघडून बघा. जुना नंबर काढा, आता चालू असलेला आणि तुमच्या हातातच राहणारा नंबर घाला. नंबर बदलल्यावरही गूगल ७ दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय ठेवू शकतं. त्यामुळे या बदलाचं काम उद्यावर टाकू नका, आणि तो आठवडा सूचनांच्या पत्रांवर लक्ष ठेवा.

टू-स्टेपसाठी एसएमएस ठेवू की अॅप?

काहीच नसण्यापेक्षा एसएमएस नक्कीच बरा. पण जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्यांना रेंजचा प्रश्न माहीत आहे, कोड यायच्या आत त्याची वेळ संपते. ऑथेंटिकेटर अॅप कोड फोनमध्येच तयार करतं, त्याला रेंज आणि इंटरनेट लागत नाही. शिवाय कुणी तुमच्या नावाचं दुसरं सिम काढलं तरी तो कोड त्याच्याकडे जात नाही.

चालू करताना गूगल बॅकअप कोड घ्यायचा पर्याय देतं: आठ आकडी दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. फोटो काढून गॅलरीत ठेवले तर फोन हरवल्यावर तेही जातील.

माझ्या पत्त्यावर एकही नोंद आली नाही. म्हणजे मी सुरक्षित?

त्या साइटकडे पोचलेल्या याद्यांमध्ये तुमचा पत्ता नाही, एवढाच त्याचा अर्थ. चोरी आणि नोंद यांत मोठं अंतर असतं. बिगबास्केटची चोरी ऑक्टोबर २०२० ची, यादी खुलेआम पसरली एप्रिल २०२१ मध्ये. लिंक्डइनला चार वर्षं लागली. तोवर शोधणाऱ्याला शून्यच दिसत होतं.

शिवाय काही गळत्या नाजूक स्वरूपाच्या असतात, डेटिंगच्या साइटची वगैरे. त्या कुणालाही दिसू नयेत म्हणून साध्या शोधात दाखवत नाहीत. तुमचा पत्ता नोंदवून, तुमच्या पेटीत आलेल्या पत्रावरून खात्री करून दिली की त्या फक्त तुम्हाला दिसतात. ही नोंदणी फुकट आहे, आणि तिचा दुसरा फायदा असा की पुढे कधी तुमचा पत्ता नव्या गळतीत सापडला तर साइट स्वतः पत्र पाठवते.

कंपनीच्या नावाऐवजी 'कलेक्शन वन' किंवा 'नाझ एपीआय' असलं काहीतरी दिसतंय. हे काय?

या एका कंपनीच्या गळत्या नाहीत. कलेक्शन वन ही जानेवारी २०१९ मध्ये बाहेर आलेली, अनेक जुन्या चोऱ्या एकत्र करून केलेली ७७ कोटींहून जास्त पत्त्यांची यादी आहे. त्यात तुमचा कुठला पासवर्ड आहे हे नावावरून कळत नाही. अशा वेळी पत्त्याकडून नाही, पासवर्डाकडून तपासावं लागतं. फोनच्या क्रोममध्ये पासवर्ड साठवलेले असतील तर `passwords.google.com` वर तपासणीचा पर्याय आहे. साठवलेला कुठला पासवर्ड गळतीत आला आहे, कुठला दोन ठिकाणी वापरला आहे, हे तिथे नावानिशी दिसतं.

नाझ एपीआयसारखी नोंद जास्त गंभीर घ्या. त्यात चोरटा प्रोग्रॅम शिरलेल्या संगणकांवरून उचललेले पासवर्डही आहेत. म्हणजे कंपनीकडून नाही, पासवर्ड टाइप होत असतानाच किंवा ब्राउझरमधून चोरलेले. फुकटचं म्हणून उतरवलेलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हा त्याचा नेहमीचा रस्ता. त्याच संगणकावर बसून नवा पासवर्ड ठेवलात तर तोही लगेच जाईल. आधी दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन आउट करा. त्या संगणकावर विंडोज नव्याने टाकून घेतल्याशिवाय पुन्हा लॉगिन करू नका.

पासवर्ड तपासायला तो साइटवर टाइप करणं धोक्याचं नाही का?

शंका रास्त आहे. `haveibeenpwned.com` वर पासवर्ड तपासायचं वेगळं पान आहे, आणि त्याची रचना अशी आहे की पूर्ण पासवर्ड तुमच्या फोनबाहेर जात नाही. फोनमध्येच त्याचा ठसा तयार होतो आणि त्याची पहिली पाच अक्षरं फक्त पाठवली जातात. `password` या पासवर्डचा ठसा असा असतो:

```
5BAA61E4C9B93F3F0682250B6CF8331B7EE68FD8
```

यातलं `5BAA6` एवढंच जातं. त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे सगळे ठसे परत येतात आणि जुळवणी तुमच्याच फोनवर होते. इतर साइटवर मात्र आपला पासवर्ड तपासायला म्हणून कधीही टाइप करू नका. माझं मत विचाराल तर इथेही सध्या चालू असलेला पासवर्ड घालायची गरज नाही. जुना, शंका असलेला घालून बघा.

नवा पासवर्ड कसा ठेवू? `Belgaum@123` चं `Belagavi@1234` केलं तर?

चालणार नाही. गावाचं नाव, आडनाव, मुलाचं नाव, पुढे एक चिन्ह आणि आकडे, हा साचा अंदाज घेणाऱ्या प्रोग्रॅमला पहिल्यापासून शिकवलेला असतो. शेवटी एक आकडा वाढवणं, पहिलं अक्षर मोठं करणं, `a` च्या जागी `@` घालणं, हे तो आपोआप करून बघतो. जुना पासवर्ड हातात असेल तर त्याचे असे शेकडो भाऊबंद काढायला त्याला क्षणही लागत नाही.

लक्षात ठेवायचा पासवर्ड एकच असू द्या, ईमेलचा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, म्हणीतले किंवा गाण्यातले नकोत. घरात इकडेतिकडे नजर टाकून शब्द उचलले तर बरे जमतात. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड फोनलाच सुचवू द्या आणि त्यालाच साठवू द्या. घरातल्या मावशींसारख्या कुणाला फोनमध्ये साठवणं झेपत नसेल तर घरात कपाटात ठेवलेली वही चालेल. गळतीच्या याद्यांवर जगणारा चोर दूरदेशी बसलेला असतो, तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. वही पर्समध्ये घेऊन बाजारात मात्र फिरू नका.

मी गूगलचं बटण दाबून लॉगिन करतो. मग?

त्या साइटकडे तुमचा पासवर्ड नाही, तिथे बदलायचंही काही नाही. मात्र आता सगळा भार गूगलच्या एका खात्यावर आहे, त्यामुळे टू-स्टेप हवंच.

फोन नंबर, घरचा पत्ता, जन्मतारीख गेली. हे तर बदलता येत नाही!

खरं आहे, आणि याचं वाईट वाटणं साहजिक आहे. इथे बदलायची ती आपली सवय: समोरच्याला माझी माहिती आहे, म्हणजे तो खरा, हे मानणं सोडायचं.

फोन येतो. माणूस मराठीत किंवा कन्नडात, अगदी अदबीने बोलतो. तुमचं पूर्ण नाव, गल्ली, मागे काय मागवलं होतं ते सांगतो. मग म्हणतो, तुमचे पैसे परत करायचेत, एक कोड आलाय तो सांगा. त्याने सांगितलेलं सगळं गळतीच्या यादीत लिहिलेलं असतं, त्यातून तो कंपनीचा माणूस असल्याचं सिद्ध होत नाही. फोन ठेवा आणि कंपनीच्या अॅपमध्ये जाऊन स्वतः बघा.

जन्मतारखेचा पिन ठेवला असेल तर तो आजच बदला. यूपीआयचा, एटीएमचा आणि फोन उघडायचाही.

माझा जुना पासवर्ड लिहून धमकीचं पत्र आलंय. तुमचा व्हिडिओ काढलाय, बिटकॉइन पाठवा म्हणतात.

पैसे पाठवू नका, उत्तर देऊ नका. पासवर्ड खरा दिसतो म्हणून छातीत धस्स होतं, पण तो गळतीच्या यादीतूनच उचललेला असतो आणि तेच पत्र हजारो लोकांना गेलेलं असतं. कॅमेऱ्यात कुणी शिरलेलं नसतं. तो पासवर्ड आजही कुठे चालू असेल तर तेवढा बदला. घरातल्या तरुण मुलाला किंवा मुलीला असं पत्र आलं तर रागावू नका, आधी हे समजावून सांगा. भीतीपोटी गुपचूप पैसे पाठवले जातात ते घरी सांगता येत नाही म्हणून.

कंपनीने मला का कळवलं नाही?

गळतीची माहिती संबंधित व्यक्तीला द्यावी असं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना तयारीसाठी मुदत दिली गेली आहे. म्हणून सध्या स्वतः तपासत राहणं आणि वर सांगितलेली, नव्या गळतीचं पत्र येण्याची नोंदणी करणं हाच भरवशाचा मार्ग.

खातं बंद केलं, किंवा पैसे देऊन माझं नाव यादीतून काढून घेतलं तर?

बाहेर पडलेल्या यादीच्या प्रती किती जणांकडे आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे ती पुसून देतो म्हणणारा फसवतोय. न वापरलेलं खातं बंद करणं मात्र चांगलं, पुढच्या चोरीत तुमची नवी माहिती जाणार नाही. बंद करण्याआधी आत जाऊन साठवलेलं कार्ड आणि घरचा पत्ता काढून टाका. ईमेल पत्ता नवा काढायची सहसा गरज पडत नाही.

घरातल्या चौघांचा एकच ईमेल आहे. काही करायला हवं?

हो. एकाच्या खेळाच्या अॅपचा पासवर्ड गळला की आजोबांच्या बँकेचं पत्रही उघडं पडतं. निदान बँक, आधार आणि पेन्शन ज्या पत्त्याला जोडलंय तो पत्ता वेगळा काढा आणि दुकानांना, खेळांना, फॉर्मांना देऊ नका. बँकेतला पत्ता बदलायला शाखेत अर्ज द्यावा लागेल, काही बँकांत अॅपवरूनही होतं.

खात्यात कुणीतरी आधीच शिरलंय. पासवर्ड बदललेला आहे, मला आत जाता येत नाही.

`accounts.google.com/signin/recovery` उघडा. हे शक्यतो ज्या फोनवर तुम्ही नेहमी जीमेल वापरत होता त्याच फोनवर आणि घरच्या नेहमीच्या इंटरनेटवर करा. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा दिसली की गूगलला तुमच्यावर विश्वास ठेवणं सोपं जातं. सायबर सेंटरमध्ये जाऊन प्रयत्न केला तर शक्यता कमी होते. जुना पासवर्ड विचारला तर आठवणारा शेवटचा घाला.

पैसे गेले असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवून कार्ड, यूपीआय थांबवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायच्या आत अडवता आले तरच परत मिळण्याची शक्यता असते, म्हणून मिनिटं महत्त्वाची. तक्रार `cybercrime.gov.in` वरही नोंदवता येते. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणं आहे. जाताना बँकेचं स्टेटमेंट, व्यवहाराचा क्रमांक, आलेले एसएमएस आणि गूगलकडून आलेल्या सूचनांचे स्क्रीनशॉट घेऊन जा. ते पुसलेले नसावेत.

तक्रार कन्नडात लिहून घेतली गेली तर सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. रक्कम, तारीख आणि तुमचा ईमेल पत्ता अक्षर न् अक्षर बरोबर आहे ना, एवढं बघा, आणि पोचपावतीचा क्रमांक मागून घ्या.